रत्नागिरीहून नाशिकला आणलेला क्रोटन: पानं गळतायत, रंग उडालाय

मोगरी – ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. रत्नागिरीचं घर बंद करून आई आमच्याकडे नाशिकला राहायला आली. येताना तिने एकच हट्ट धरला, विहिरीपाशी असलेली क्रोटनची कुंडी सोबत घ्यायची. झाड नऊ वर्षांचं आहे, माझ्या खांद्याएवढं उंच. रुंद पानं, लाल-केशरी रंग आणि मधल्या शिरा पिवळ्याधमक. अंगणात शिरलं की पहिलं तेच दिसायचं.

१२ डिसेंबरला रात्रीच्या टेम्पोतून सामानाबरोबर आणलं. मागे ताडपत्री होती, पण एक बाजू उघडीच राहिली होती. इथे हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं, खिडकीपासून साधारण दहा फुटांवर. पाचव्या दिवसापासून पानं गळायला लागली. आतापर्यंत चाळीसेक गेली असतील. उरलेली फिकट, मळकट तपकिरी दिसतात आणि शेंड्याला आलेली दोन नवी पानं तर चक्क हिरवी आहेत.

मी रोज पाणी घालतेय. गेल्या आठवड्यात १९:१९:१९ खताचा एक चमचाही पाण्यातून दिला. आई रोज सकाळी उठून पडलेली पानं गोळा करते आणि काही बोलत नाही. झाड जगेल का? रंग परत येईल का?

पाचोळा – ११ जानेवारी

आमच्याकडेही असंच झालं होतं. काढून टाकलं आणि नवीन आणलं. क्रोटन कुठेही मिळतो.

मोगरी – ११ जानेवारी

पाचोळा, नवीन मिळेल हो, पण आईचा हाच आहे. हा वाचत असेल तर मला वाचवायचाय.

हिरवा_हात – ११ जानेवारी

रंग उडणं म्हणजे ऊन कमी पडणं, यात शंकाच नाही. माझ्या गच्चीवरचे क्रोटन दिवसभर उन्हात असतात आणि पेटल्यासारखे लाल दिसतात. उद्याच्या उद्या गच्चीवर नेऊन ठेवा. आणि खताचं प्रमाण वाढवा, एक चमच्याने काय होतंय. पानं गळतात म्हणजे ताकद कमी पडतेय.

रोपवाटिका_मिरज – ११ जानेवारी

हिरवा_हात, उन्हाचं तुमचं निदान बरोबर आहे, पण उपाय घाईचा आहे. नाशिकमध्ये या दिवसांत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली. गच्चीवर ते झाड रात्र कशी काढेल?

मोगरीताई, आधी तीन गोष्टी बघून सांगा. एक, पानं गळली तेव्हा रंगीत होती की पिवळी पडून गळली? आणि आधी कुठली गेली, वरची, खालची की एकाच बाजूची? दोन, खोडाची साल नखाने जरा खरवडा, खाली हिरवं ओलं दिसतं का? शेंड्यापासून बुडाकडे तीन-चार ठिकाणी बघा. तीन, दोन पेरं बोट मातीत घाला. कोरडं लागतं, दमट लागतं की चिकचिकीत? मातीला वास येतो का?

गारवेल – ११ जानेवारी

थोडं अवांतर, पण काळजीपोटी विचारते. क्रोटन म्हणजेच जमालगोटा ना? आमच्या आजोळी त्याच्या बियांनी जुलाब झाल्याची गोष्ट सांगायचे. घरात लहान मुलं असतील तर हॉलमध्ये ठेवणं बरं का?

रोपवाटिका_मिरज – ११ जानेवारी

गारवेल, नावामुळे हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. जमालगोट्याचं शास्त्रीय नाव क्रोटन टिग्लियम. आपण ज्याला क्रोटन म्हणतो तो शोभेचा, त्याचं नाव कोडिएम व्हेरिगेटम. कुळ एकच, एरंडाचं, पण झाडं वेगळी. तरी याचाही चीक त्वचेला खाजतो, कपड्यावर पडला तर डाग जात नाही आणि पान चघळण्यासारखं नाहीच. मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं, एवढं तुमचं म्हणणं रास्त आहे.

मोगरी – १२ जानेवारी

सकाळीच सगळं पाहिलं. आईने चष्मा लावून मदत केली.

पहिली पंधरावीस पानं पूर्ण रंगीत असतानाच गळली, आणि बहुतेक एकाच बाजूची. काहींच्या कडा काळपट होत्या. आई म्हणते टेम्पोत तीच बाजू उघडी होती. नंतरची गळली ती खालची आणि आतली, फिकट होऊन. अजून जी आहेत त्यातल्या काहींची टोकं कुरकुरीत वाळली आहेत.

साल खरवडली तर सगळीकडे हिरवं. एका बारीक फांदीच्या टोकाला मात्र तपकिरी, आणि तिथली तीन पानं वाळून तशीच लटकलीत, गळत नाहीत.

माती चिकचिकीत. वास जरासा कुबट.

रोपवाटिका_मिरज – १२ जानेवारी

खूप छान निरीक्षण केलंत. झाड जिवंत आहे. खोड हिरवं आहे हा एक पुरावा आणि पानं गळतायत हा दुसरा. ऐकायला उलटं वाटेल, पण पान गाळणं हे झाडाला करावं लागणारं काम आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो, तो सैल पडतो तेव्हा पान सुटतं आणि खोडावर स्वच्छ वण राहतो. यासाठी फांदी जिवंत असावी लागते. जी फांदी मेली तिची पानं जागच्या जागी वाळून लटकतात, तुमच्या त्या एका टोकासारखी. तेवढं टोक गेलं असं समजा.

हा थर सुटायला काही दिवस लागतात. म्हणून टेम्पोतून उतरवलं तेव्हा झाड ठणठणीत दिसलं आणि पाचव्या दिवशी गळायला लागलं. त्या दिवशी घरात काय चुकलं हे शोधत बसू नका. कारण पाच दिवस आधीचं होतं.

तुमच्या झाडावर तीन वेगवेगळ्या गोष्टी एकामागून एक झाल्यात असं मला दिसतं. एकाच बाजूची रंगीत पानं काळपट कडांसकट पडली, ती थंडी आणि वारा. हे झाड मूळचं इंडोनेशिया, मलेशियाकडच्या आणि पॅसिफिक बेटांवरच्या दमट उकाड्यातलं. पंधरा अंशांच्या खाली त्याला सोसत नाही, दहाच्या खाली तर इजाच होते. रत्नागिरीत त्याने अशी रात्र कधी पाहिलीच नव्हती. उघड्या टेम्पोत घाटातला वारा एका बाजूने रात्रभर लागला.

नंतर खालची आतली पानं फिकट होऊन गळली, ती अंधाराने. आपल्याला दहा फुटांवर लख्ख उजेड वाटतो कारण आपले डोळे जुळवून घेतात. मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप असतं, ते पानाजवळ धरून बघा. अंगणातल्या दुपारच्या उन्हात ८०,००० ते १,००,००० लक्स असतात. तुमच्या टीव्हीशेजारी दोनशे-तीनशे भरले तर पुष्कळ. झाडाची कमाई एवढी घटली की खालच्या जुन्या पानांना पोसणं त्याला परवडत नाही.

रंगाचंही तेच. तो लाल रंग पानाची छत्री असते. रणरणत्या उन्हात पानाला पेलवेल त्याहून जास्त उजेड मिळतो, तो अडवायला लाल रंग उपयोगी पडतो. पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी, तिथे कमाई फार नाही, पण भरपूर ऊन असताना ते चालून जातं. काळोख्या खोलीत छत्री कशाला हवी आणि पिवळे भाग कसे परवडणार? म्हणून नवीन पान हिरवं येतं. झाड आहे तेवढा उजेड पकडायचा प्रयत्न करतंय.

कोरड्या हवेचं नंतर बोलू. आत्ता सगळ्यात मोठा धोका तुमच्या रोजच्या पाण्याचा आहे. निम्मी पानं गेली म्हणजे पाणी ओढणारेही निम्मेच उरले. त्यात माती गार. गार, ओल्या मातीत मुळं पाणी ओढत नाहीत आणि कुजायला लागतात. मग झाड तहानलेलं दिसतं आणि आपण आणखी पाणी घालतो. पाणी आजपासून बंद. वरची दोन इंच माती कोरडी लागेपर्यंत थेंबही नको. खतही बंद.

हिरवा_हात – १२ जानेवारी

रात्रीच्या थंडीचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं, मी ठाण्यात राहतो. पण खताबद्दल पूर्ण पटलं नाही. उपाशी झाडाला खायला नको?

रोपवाटिका_मिरज – १२ जानेवारी

उपाशी आहे ते उजेडाला. खत हा मसाला आहे, जेवण उजेडातून येतं. मुळं ओढत नसताना दिलेलं खत मातीत मीठ म्हणून साठतं आणि उरलेल्या मुळांची टोकं भाजतं. शिवाय नत्र जास्त झालं तर क्रोटन उन्हातसुद्धा हिरवा पडतो. हे तुम्ही तुमच्या एखाद्या कुंडीवर करून बघू शकता.

तळमजला – १२ जानेवारी

माझा अनुभव वेगळा आहे. क्रोटन एकदा ठेवला की हलवायचा नाही, हे मला माळीकाकांनी शिकवलं. माझा मी तीनदा जागा बदलून मारला. प्रत्येक वेळी वाटायचं की आता बरी जागा सापडली, आणि प्रत्येक वेळी पानं पडायची. मोगरी, माझं ऐकाल तर आता आहे तिथेच राहू द्या. दोन महिन्यांत जुळवून घेईल.

रोपवाटिका_मिरज – १२ जानेवारी

तळमजला, माळीकाकांचं म्हणणं चांगल्या जागेपुरतं खरं आहे. दोनशे लक्समध्ये तो जुळवून घेणार नाही, हळूहळू उघडा होत जाईल. एकदाच हलवायचा, पण योग्य जागी, आणि मग हात लावायचा नाही.

तळमजला – १२ जानेवारी

असेल. पण 'एकदाच' म्हणता म्हणता माझं तीनदा झालं होतं, म्हणून भीती वाटते.

मोगरी – १२ जानेवारी

मग नेमकं कुठे ठेवू? बाल्कनी पूर्वेला आहे, सकाळी अकरापर्यंत ऊन येतं. पण रात्री गारठा. आईच्या खोलीला दक्षिणेकडे मोठी खिडकी आहे. सकाळी बाल्कनीत आणि संध्याकाळी आत असं केलं तर?

रोपवाटिका_मिरज – १२ जानेवारी

रोजची ने-आण नको. सकाळी नऊला बाहेर काढाल तेव्हाही वारा गारच असतो, आणि एखाद्या संध्याकाळी विसरलात की सगळं मुसळ केरात.

आईंची दक्षिणेची खिडकी उत्तम. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन त्या खिडकीतून खोलीत बरंच आतपर्यंत येतं. कुंडी काचेपासून फूटभर अंतरावर ठेवा, पान काचेला टेकायला नको, रात्री काच बर्फासारखी होते. कुंडीखाली पाट किंवा लाकडी फळी सरकवा, फरशीचा गारवा थेट मुळांना लागतो. संध्याकाळी सहाला खिडकी बंद. पाणी देण्याची वेळ येईल तेव्हा सकाळी अकरानंतर द्या आणि टाकीचं गार पाणी सरळ ओतू नका, बादलीत भरून रात्रभर घरात ठेवलेलं वापरा.

बाल्कनी फेब्रुवारीच्या शेवटी, रात्रीचा पारा पंधराच्या वर राहायला लागला की.

गार्डन_स्टेट – १३ जानेवारी

मी न्यू जर्सीत राहते. इथे दरवर्षी हे नाटक होतं म्हणून लिहितेय. उन्हाळ्यात माझा क्रोटन बाहेर डेकवर असतो आणि सप्टेंबरअखेर रात्री १३-१४ अंश व्हायला लागल्या की आत घेते. पहिल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबले होते, सगळी पानं गेली. नुसती काठी उरली. त्या काठीला मार्चमध्ये फूट आली, म्हणून मोगरी, धीर सोडू नका.

पण मला थंडीपेक्षाही जास्त त्रास घरातल्या हीटिंगचा झाला. हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. तेव्हा पानांच्या मागे बारीक जाळी दिसायला लागली. लाल कोळी. कोरड्या हवेत फार लवकर वाढतो. पानावर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके येतात आणि लांबून पाहिलं तर वाटतं रंगच उडालाय. मी महिनाभर उजेड कमी पडतोय असं समजत होते!

ओळखायला सोपं आहे. पानाखाली पांढरा कागद धरून पानावर टिचकी मारायची. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले की समजायचं.

सकाळचा_फेरफटका – १३ जानेवारी

कोरड्या हवेवर सोपा उपाय: दिवसातून तीन वेळा पाणी फवारा. मी तसंच करतो.

गार्डन_स्टेट – १३ जानेवारी

फवारलेलं पाणी दहापंधरा मिनिटांत उडून जातं, हवा पुन्हा कोरडीच. मी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र शेजारी ठेवून पाहिलं, फवारल्यावर काटा जरा हलायचा आणि परत खाली. त्यापेक्षा चारपाच कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर फरक पडतो, एकमेकींची वाफ एकमेकींना मिळते. आणि आठवड्यातून एकदा नळाखाली पानं पुढून-मागून धुते, कोळी धुवून निघतो.

सकाळचा_फेरफटका – १३ जानेवारी

माझ्याकडे तरी फवारल्याने झाडं ताजी दिसतात. कदाचित धूळ जाते म्हणूनही असेल.

तळमजला – १३ जानेवारी

धुवायचं म्हणजे परत बाथरूमपर्यंत हलवायचं की.

गार्डन_स्टेट – १३ जानेवारी

तासाभरासाठी नेऊन परत त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून ठेवलं तर माझ्या झाडाने कधी पानं टाकली नाहीत. माझ्या मते त्याला जागा बदलल्याचं दुःख नसतं, उजेड आणि हवा बदलल्याचं असतं.

मोगरी – २ फेब्रुवारी

कळवायला उशीर झाला. १२ तारखेलाच कुंडी आईच्या खिडकीत नेली. पाणी बारा दिवस दिलं नाही, फार जिवावर आलं. आता कुबट वास गेलाय. आणखी नऊ पानं पडली, पण गेल्या आठवड्यात एकच. अ‍ॅपवर टीव्हीशेजारी १८० आकडा आला होता, खिडकीत दुपारी १२,००० च्या पुढे.

कागदाची परीक्षा केली. दोन पानांखाली ठिपके चालले! आईला दाखवलं तर तिने त्याच दिवशी ओल्या फडक्याने एकेक पान मागून पुसलं. खालून आधाराला एक हात धरून, अगदी बाळाचं अंग पुसावं तसं. आता ती दर चार दिवसांनी पुसते. शेजारी तिची तुळस आणि दोन मनीप्लांट आणून ठेवलेत.

रोपवाटिका_मिरज – २ फेब्रुवारी

आईंना सांगा, पुसणं तीन आठवडे तरी चालू ठेवा. अंडी फडक्यातून निसटतात आणि काही दिवसांनी नवे कोळी बाहेर पडतात. पुसलेलं फडकं दुसऱ्या झाडाला वापरू नका.

पाचोळा – ३ फेब्रुवारी

हे वाचून वाईट वाटलं की मी माझा टाकून दिला. साल खरवडून बघायचं सुचलंच नव्हतं.

मोगरी – १९ मार्च

मंडळी, शेंड्याला पाच नवी पानं आहेत आणि मधल्या दोन पेरांतून डोळे फुटलेत! फेब्रुवारीच्या २६ ला बाल्कनीत नेलं. सुरुवातीला सकाळचं तासभर ऊन, मग दर चार दिवसांनी थोडं वाढवत आता अकरापर्यंतचं पूर्ण. अकरानंतर हिरवी जाळी ओढते. एक दिवस जाळी ओढायची राहिली तर एका पानावर भाजल्यासारखा पांढरट डाग पडला.

पण दोन प्रश्न आहेत. नवी पानं अजून हिरवी-पिवळीच आहेत, लाल नाहीत. आणि खाली दोन फूट खोड उघडंच आहे.

हिरवा_हात – १९ मार्च

फार आनंद झाला. तो डाग बघून मला माझा 'उद्याच गच्चीवर ठेवा' सल्ला आठवला. खोलीतून थेट गच्चीवर गेलं असतं तर सगळ्याच पानांवर तसे डाग पडले असते.

रोपवाटिका_मिरज – १९ मार्च

नव्या पानाचा रंग बघून घाबरू नका. या रुंद पानाच्या जातींत कोवळं पान हिरवं-पिवळंच येतं, लाली पान जून होताना चढते. आताच्या उन्हात आलेलं पान मेअखेर बघा. हॉलमध्ये आलेली ती दोन हिरवी पानं थोडी तांबूस होतील, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नका.

रत्नागिरीसारखाच रंग येईल का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. सकाळचं चार तासांचं ऊन आणि अंगणातलं दिवसभराचं ऊन यात फरक पडणारच. आणि मार्च ते मे तुमची हवा कोरडी. रंगाची खरी परीक्षा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात.

उघड्या खोडावर आपोआप पानं येणार नाहीत. जूनमध्ये पाऊस धरला की शेंड्यापासून फूटभर खाली गुटी बांधा. बोटभर रुंदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ गच्च बांधून वर प्लास्टिक. हातमोजे घाला, चीक वाहतो. दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली की खालून कापून वेगळं रोप. कापलेल्या जागेखालचे डोळे मग फुटतात आणि जुनं झाड भरतं.

तळमजला – २० मार्च

मी अजूनही म्हणेन की पुढच्या थंडीत ते बाल्कनीतून परत आत घेणं म्हणजे पुन्हा तेच चक्र. तिथेच प्लास्टिकचा आडोसा करून भागणार नाही का?

रोपवाटिका_मिरज – २० मार्च

आडोशाने वारा अडेल, पारा दोनएक अंश वर राहील. पहाटे आठ अंश झाले तर तेवढ्याने भागेल का, मला शंका आहे. मी आतच घेईन, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला, रात्री गार व्हायच्या आधी. नाशिकमध्ये कुणी क्रोटन थंडीभर बाल्कनीत ठेवला असेल तर जरूर लिहा.

मोगरी – २० मार्च

गुटीचं आईला वाचून दाखवलं. तिला गुटी बांधता येते, हे मला आजवर माहीतच नव्हतं. रत्नागिरीला शेजारच्या दोन घरांतले क्रोटन याच झाडाचे आहेत म्हणे, तिनेच बांधून दिलेले. आता जूनसाठी शेवाळ कुठे मिळेल ते शोधतेय. नाशिकच्या मंडळींपैकी कुणाला दुकान माहीत असेल तर सांगा.

गारवेल – २० मार्च

शेवाळ नाही मिळालं तर नारळाची सोडणं भिजवून, कुटून चालतील का?

रोपवाटिका_मिरज – २१ मार्च

चालतात, पण दोनतीनदा पाणी बदलून चांगली धुवा आणि घट्ट पिळून बांधा. सोडणं शेवाळापेक्षा लवकर सुकतात, तेव्हा आठवड्याने प्लास्टिकवरून बोटाने दाबून बघा. टणक लागलं तर वरच्या गाठीतून सिरिंजने थोडं पाणी सोडायचं.